'रिसेटचा प्रश्न बाकी' याऐवजी काय लिहावे: अपुरा प्रकल्प जोडीदाराच्या हाती देताना

प्रश्न: मी बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. खानापूर तालुक्यातील आमच्या विहिरीवरची तीन फेजची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायची आणि पाणी संपले की ती आपोआप बंद व्हावी, असा प्रकल्प मी आणि माझी लॅब पार्टनर करतो आहोत. आर्डुइनो नॅनो, सिम८००एल आणि रिले यांवर तो चालतो. प्रयोगशाळेच्या टेबलावर २३० व्होल्टचा कॉन्टॅक्टर जोडून ४० वेळा चालू-बंद केला, तेव्हा ३ वेळा बोर्ड आपोआप रिसेट झाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तीन महिन्यांसाठी पुण्याला इंटर्नशिपला जाणार आहे. 'सत्तर टक्के काम झाले, रिसेटचा प्रश्न बाकी' असे लिहून दिले, तर ती म्हणाली, 'यावरून मी नेमके काय करू?' उरलेल्या कामाची नोंद कशी लिहावी?

उत्तर:

तिचा प्रश्न रास्त आहे. ती टेबलाशी एकटी बसेल, समोर बोर्ड बंद असेल आणि तुमचा फोन लागत नसेल, त्या वेळी तिला जे हवे तेवढेच नोंदीत असावे. 'सत्तर टक्के' हा आकडा त्या वेळी काहीच सांगत नाही. शिवाय 'रिसेटचा प्रश्न' हे शब्द वाचून ती पहिल्यांदा तेच करील जे तुम्ही बहुधा आधीच करून पाहिले असेल, म्हणजे अ‍ॅडॅप्टर बदलेल.

हे मी अनुभवाने सांगतो. उद्यमबागेत कंट्रोल पॅनेलच्या कामाला लागलो त्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यातील यंत्राचा कंट्रोलर माझ्याकडे आला. आधीच्या माणसाच्या वहीत 'कधीकधी रिसेट होतो, पुरवठा तपासावा' एवढेच लिहिलेले होते. मी पुरवठा तपासला, बदलला, मोठे कपॅसिटर घातले आणि पंधरा दिवस घालवले. नंतर कळले की तो पुरवठा त्यानेही दोनदा बदलला होता, फक्त तसे लिहिले नव्हते. दोष पॅनेलच्या दारावरील रिसेट बटणाच्या हातभर लांब वायरीत होता. ती वायर कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरींबरोबर एकाच नळीतून नेली होती आणि कॉन्टॅक्टर सुटला की तिच्यात धक्का उमटत असे. 'पुरवठा बदलून पाहिला, फरक नाही' ही एक ओळ असती तर माझे बारा दिवस तरी वाचले असते.

रिसेटकडे येण्याआधी नोंदीच्या अगदी वर, ठळक अक्षरांत, एक गोष्ट लिहा. तुमची चाचणी २३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरवर झाली आहे. विहिरीवरच्या तीन फेजच्या स्टार्टरमध्ये मात्र कॉइल पुष्कळदा दोन फेजांमध्ये जोडलेली, म्हणजे ४१५ व्होल्टची असते. विद्यार्थी सर्रास वापरतात त्या निळ्या रिलेच्या अंगावर १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी असे छापलेले असते, त्यामुळे तो त्या कॉइलच्या वाटेत थेट घालता येत नाही. एकदोनदा तो चालेलही, आणि धोका तिथेच आहे. संपर्क उघडताना होणारी ठिणगी विझली नाही तर तो चिकटून बसेल, किंवा ४१५ व्होल्ट ज्या पट्टीवर कधी यायला नकोत त्या पट्टीवर उतरतील. तुम्ही पुण्यात असताना तिने उत्साहाने टेबलावरची पेटी उचलून विहिरीवर नेली, तर तिला थांबवणारी वस्तू ही नोंदच आहे. म्हणून असे लिहा: 'ही पेटी विहिरीवरील स्टार्टरला अजून जोडायची नाही. आधी स्टार्टरच्या कॉइलवर छापलेले व्होल्टेज वाचावे. ते ४१५ असेल, तर मध्ये तेवढ्या व्होल्टेजचे संपर्क असलेला वेगळा कंट्रोल कॉन्टॅक्टर घालून तोच आपल्या रिलेने चालवावा लागेल, आणि ती जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.' अपुऱ्या कामांत हे सर्वांत मोठे आहे आणि तुमच्या वर्णनात त्याचा उल्लेखही नव्हता. अनेक नोंदींत असेच होते, कारण ज्या अडचणीने छळले ती लक्षात राहते आणि जिच्यापर्यंत आपण पोहोचलोच नाही ती सुटून जाते.

आता रिसेट. अधूनमधून येणाऱ्या दोषाबद्दल लिहिताना पहिली गरज असते ती दोष कोणत्या क्षणी येतो हे सांगण्याची. ते तीन रिसेट कॉन्टॅक्टर ओढताना झाले की सोडताना, हे तुम्हाला आठवते का? आठवत नसेल तर निघण्याआधी पुन्हा ४० वेळा करून पाहा आणि प्रत्येक वेळी ओढणे आणि सोडणे यांच्या वेगळ्या खुणा करा. सोडताना होत असतील तर संशय कॉइलच्या झटक्यावर जातो. कॉइलमधील प्रवाह तुटताना तिच्या टोकांना उंच व्होल्टेज उमटते, रिलेच्या संपर्कात ठिणगी पडते आणि तिचा गोंगाट जवळच्या वायरींत शिरतो. रिसेट संदेश पाठवताना किंवा फोन येताना होत असतील तर संशय सिम मॉड्यूलवर जातो, कारण प्रसारणाच्या क्षणी ते २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते आणि त्याचा पुरवठा ३.४ ते ४.४ व्होल्टच्या बाहेर जाऊन चालत नाही. मोबाइलवरून 'बंद' असा संदेश येतो, त्यावर रिले सुटतो आणि लगेच उलट संदेश जातो, अशी तुमची रचना असेल तर दोन्ही घटना एकापाठोपाठ घडतात आणि डोळ्यांना एकच वाटतात. त्या दोहोंमध्ये प्रोग्राममध्ये दहा सेकंदांचे अंतर घाला, म्हणजे रिसेट कोणत्या घटनेबरोबर येतो हे घड्याळ पाहूनच कळेल.

महागडे उपकरण नसतानाही एक चांगली खूण हाताशी आहे. सिम८००एलवरचा छोटा दिवा नेटवर्क शोधताना साधारण सेकंदाला एकदा आणि नेटवर्क मिळाल्यावर साधारण तीन सेकंदांना एकदा लुकलुकतो. नॅनो रिसेट झाल्यावर लगेच त्या दिव्याकडे पाहावे. तो संथ लयीतच चालू राहिला, तर मॉड्यूलचा पुरवठा कोसळलेला नाही आणि धक्का फक्त नॅनोला बसला आहे. तो पुन्हा भरभर लुकलुकू लागला, तर मॉड्यूलही नव्याने सुरू झाले, म्हणजे पुरवठाच खाली गेला असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र तुमच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच मॉड्यूल रिसेट करणारी ओळ असेल तर ही खूण फसवी ठरेल, म्हणून चाचणीपुरती ती ओळ बंद ठेवावी आणि बंद ठेवली आहे हेही लिहावे.

दुसरी खूण खुद्द चिपच्या आत असते. रिसेट का झाला याची नोंद एटीमेगा३२८पी ही चिप `MCUSR` या रजिस्टरमध्ये ठेवते. `setup()` मध्ये `Serial.begin` नंतर हे घालावे:

```
uint8_t karan = MCUSR;
MCUSR = 0;
Serial.println(karan);
```

२ आले तर रिसेट पिन खाली ओढली गेली, ४ आले तर व्होल्टेज घसरले आणि ८ आले तर वॉचडॉगने रिसेट केले, असा अर्थ घ्यावा. वीज नव्याने देताना एकाहून अधिक खुणा एकत्र उमटू शकतात, म्हणून तो पहिला आकडा सोडून द्यावा. वाचल्यावर शून्य लिहिण्याची ओळ गाळू नये, नाहीतर जुनी खूण तशीच राहून नव्या खुणेत मिसळते. काही बूटलोडर आपला प्रोग्राम सुरू होण्याआधीच हे रजिस्टर पुसतात. म्हणून आधी नॅनोवरचे रिसेट बटण हाताने दाबून २ दिसते का ते पाहावे. ० दिसले तर या बोर्डावर ही युक्ती चालत नाही, असे लिहून टाकावे आणि दिव्याच्या खुणेवरच भिस्त ठेवावी. आणखी एक गोष्ट तिला सांगून ठेवा: संगणकावर सीरियल मॉनिटर उघडला की नॅनो एकदा रिसेट होतोच. तो रिसेट दोषाच्या मोजणीत धरायचा नाही. हे माहीत नसलेल्या माणसाच्या वहीत चाळीसपैकी तिनाचे सहज दहा होतात.

या सगळ्यातून तयार होणारा परिच्छेद नोंदीत कसा दिसावा याचा नमुना देतो. आकडे आणि निरीक्षणे माझी कल्पित आहेत, त्या जागी तुमची घाला.

'कॉन्टॅक्टर सोडताना नॅनो रिसेट होतो. ओढताना एकदाही झाला नाही. ४० वेळांत ३ वेळा. तिन्ही वेळा सिम मॉड्यूलचा दिवा संथ राहिला आणि `MCUSR` मध्ये २ आले. कॉन्टॅक्टरऐवजी ६० वॅटचा बल्ब जोडला तेव्हा ४० वेळांत एकदाही रिसेट झाला नाही. १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर बदलून पाहिला, फरक पडला नाही. नॅनोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, फरक पडला नाही, पण तो तसाच ठेवला आहे. रिसेट बटणाची वायर अजून काढून पाहिलेली नाही. पुढचे पाऊल: ती वायर नॅनोच्या पिनेपासून सोडवून पुन्हा मोजणे. तरीही दोष राहिला, तर कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी लावून मोजणे.'

ही सारी दहा ओळींची मजकुराची मोळी आहे, पण तिने सकाळी हे वाचले तर दुपारपर्यंत ती तुमच्यापुढे गेलेली असेल. यातील 'फरक पडला नाही' ही वाक्ये सर्वांत मोलाची आहेत आणि विद्यार्थी नेमकी तीच वगळतात, कारण त्यांना ती अपयशाची कबुली वाटते. 'तसाच ठेवला आहे' हेही तितकेच गरजेचे आहे. प्रयोगादाखल घातलेला आणि न काढलेला भाग सर्किटच्या नकाशात नसतो, आणि नंतर येणारा माणूस त्याच्याभोवती तर्क करत बसतो.

कॉइलवर लावायच्या त्या जोडीबद्दल एक इशारा नोंदीत असावा. डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावतात हे सर्वांना पाठ असते, म्हणून कोणीतरी तो एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवरही लावायला जाईल. एसीमध्ये तो डायोड अर्ध्या आवर्तनात सरळ शॉर्ट होतो आणि जळतो. तिथे रोध आणि कपॅसिटर यांचीच जोडी हवी. कपॅसिटरही साधा चालत नाही, २३० व्होल्टच्या कॉइलसाठी त्यावर एक्स-टू वर्ग आणि २७५ व्होल्ट एसी असे छापलेले पाहून घ्यावे. टेबलावरची ही जोडी ४१५ व्होल्टच्या कॉइलवर तशीच उचलून लावायची नाही.

दोष गेला हे तिने केव्हा मानावे, तेही लिहून ठेवा, कारण इथे बहुतेक जण फसतात. वायर सोडवली, २० वेळा चालवून पाहिले, एकदाही रिसेट नाही, म्हणून काम फत्ते झाले असे वाटते. पण ४० मध्ये ३ म्हणजे दर वेळी सुमारे साडेसात टक्के शक्यता. दोष जसाच्या तसा असतानाही सलग २० वेळा काहीच न होण्याची शक्यता ०.९२५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे २१ टक्के निघते. पाचात एकदा दैव असे फसवणारच. तेच सलग ६० वेळा निर्धोक गेले तर ती शक्यता एक टक्क्याच्या खाली येते. म्हणून 'सलग ६० वेळा रिसेट नाही, तेही यूएसबी केबल काढून' असा निकष ठरवून द्या. केबल काढण्याचे कारण असे की लॅपटॉप जोडलेला असताना जमिनीची जोडणी बदलते आणि काही बोर्ड केवळ त्यामुळे शहाण्यासारखे वागतात. केबलशिवाय आकडा वाचता येत नाही, म्हणून सुरू होताना नॅनोवरचा दिवा कारणाच्या आकड्याइतक्या वेळा लुकलुकेल अशी दोन ओळींची सोय करून ठेवा.

पाणी संपल्यावर मोटर बंद होण्याचा भाग तुम्ही 'झाला' या सदरात धरला असावा. माझ्या मते तो झालेला नाही. पाणी नसताना मोटरवरचा भार उतरतो आणि प्रवाह कमी होतो, या तत्त्वावर तो चालतो, म्हणजे प्रोग्राममध्ये कुठेतरी एक उंबरठ्याचा आकडा आहे. तो कोठून आला? प्रयोगशाळेतील अर्ध्या अश्वशक्तीच्या सिंगल फेज पंपावरून आला असेल, तर विहिरीवर त्याला काही अर्थ नाही. तेथील मोटर पाच अश्वशक्तीची असेल तर पूर्ण भाराला साधारण सात अँपिअर घेईल, पण कोरडी चालताना किती घेईल ते त्या मोटरवर, त्या पंपावर आणि त्या दिवशीच्या व्होल्टेजवर अवलंबून असते. प्रोग्राममधील अशा प्रत्येक आकड्याशेजारी तो मोजला की अंदाजाने धरला हे लिहावे, आणि मोजला असेल तर कोणत्या मोटरवर, कोणत्या तारखेला, हेही लिहावे.

या कामाला मुदतही आहे आणि ती महाविद्यालयाच्या वेळापत्रकात सापडणार नाही. खानापूरकडे पावसाळा धरला की विहिरी भरतात, आणि मग खरी कोरडी स्थिती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिळत नाही. तुम्ही जुलैत परत याल तेव्हा विहीर काठोकाठ असेल. म्हणून प्रवाहाची ही मोजणी मेअखेरपर्यंत तिच्याकडून व्हायला हवी, आणि ती पेटी न जोडता, वायरमनच्या हातातील क्लॅम्प मीटरने करता येते. पाणी भरपूर असताना एक आकडा, विहीर उपसत आल्यावर पंप हवा ओढू लागला की दुसरा, आणि दोन्ही वेळचे व्होल्टेज. शेतावर तीन फेज ठरावीक तासच असते, म्हणून घरच्यांकडून वेळ आधी विचारून तो नोंदीत लिहावा, नाहीतर तिची एक फेरी फुकट जाईल. मे हुकलाच तर पंपाचा पुढचा व्हॉल्व्ह अर्धा मिनिट बंद करून प्रवाह मोजता येईल. सेंट्रिफ्यूगल पंपाचा भार तेव्हाही उतरतो. पण तो आकडा कोरड्या स्थितीच्या आकड्याइतकाच असेल असे धरू नये.

'झाले' म्हणून ठेवलेल्या गोष्टींत अशीच आणखी एक पाहा. मोटर किती मिनिटे चालली हे तुम्ही दर मिनिटाला ईईपीरॉममध्ये एकाच जागी लिहीत असाल, तर ते आज चालेल. त्या जागेची हमी १,००,००० लेखनांची असते. रोज सहा तास मोटर चालली तर रोज ३६० लेखने होतात आणि सुमारे २७७ दिवसांत ती हमी संपते. तोपर्यंत गुण मिळालेले असतील, पण पेटी विहिरीवरच असेल. ही मोजणी पन्नास जागांवर फिरवत लिहिली की प्रश्न मिटतो. वेळ नसेल तर 'आज चालते, टिकणार नाही' एवढे तरी लिहावे.

बोर्डात असलेला प्रोग्राम आणि पेनड्राइव्हवर दिलेला प्रोग्राम एकच आहे याचीही खात्री तिला हवी. `setup()` मध्ये ही ओळ घाला आणि उमटलेली वेळ नोंदीत उतरवून ठेवा:

```
Serial.println(F(__DATE__ " " __TIME__));
```

स्वस्त नॅनोंवर पुष्कळदा जुना बूटलोडर असतो. आर्डुइनोच्या मेनूत `Processor` खाली `ATmega328P (Old Bootloader)` निवडले नाही तर `not in sync` अशी चूक येते, आणि बोर्ड मेला असे समजून माणूस नवा बोर्ड आणायला बाजारात जातो. तुम्ही काय निवडता ते लिहा. सिम८००एल फक्त २जीवर चालते, म्हणून आत कोणत्या कंपनीचे सिम आहे, ते कोणाच्या नावावर आहे आणि रिचार्ज कधी संपतो, हेही त्याच पानावर असू द्या.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात टाळून चालत नाही. तुमची जोडीदारीण बोलताना मराठी सहज वापरत असली, तरी घरी कन्नड लिहीत-वाचत असेल, तर घाईत लिहिलेल्या तुमच्या मराठी टिपा तिला अडतील. विहिरीवर तुमचे आजोबा असतील, येणारा वायरमन कदाचित तिसऱ्याच गावचा असेल. म्हणून पेटीतील प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवा आणि नोंदीत 'लाल वायर' न म्हणता 'वायर ७' म्हणा. लाल वायर संपली की आपण पिवळी लावतोच. पेटीच्या दारावर 'आत ४१५ व्होल्ट येऊ शकतात' हे मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही लिप्यांत असावे. ते कन्नड वाक्य तिच्याकडूनच लिहून घ्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक तास राखून ठेवा. नोंद तिच्या हाती द्या, खुर्ची मागे घ्या आणि कशालाही हात लावू नका. तिने तिच्या लॅपटॉपवरून प्रोग्राम चढवावा, कॉन्टॅक्टर दहा वेळा सोडावा, दिव्याची लय पाहावी आणि `MCUSR` चा आकडा वाचावा. ज्या ज्या ठिकाणी ती तुमच्याकडे वळून विचारील, त्या त्या ठिकाणी नोंदीत एक वाक्य कमी आहे. ते तिथल्या तिथे, तिच्याच अक्षरात लिहून घ्या.